रिकामा दिसणारा चॅनल घेऊ नका

घरात १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, बिल वेळेवर जातं, तरी रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकायला लागतो. दाटीवाटीच्या इमारतींत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कंपनीला फोन लावण्याआधी दोष बाहेरून येणाऱ्या तारेत आहे की घरातल्या वायफायमध्ये, हे बघून घ्यावं. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी राउटरजवळ बसून, वायफायला जोडलेल्या विंडोज लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाइप करा:

```
ping -t 192.168.1.1
```

हा बहुतेक राउटरांचा पत्ता, काहींचा 192.168.0.1 असतो. उत्तरं सलग काही मिलिसेकंदांत येत राहिली, तर वायफाय ठीक आहे आणि अडचण त्याच्या पुढे आहे. पण आकडा ३ वरून एकदम १८० वर जात असेल, मधूनच `Request timed out.` दिसत असेल, आणि तेही राउटर हाताच्या अंतरावर असताना, तर बहुधा शेजारपाजारच्या नेटवर्कांची गर्दी नडते आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनल मिळतात. एका चॅनलचा मध्य पुढच्या चॅनलच्या मध्यापासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर असतो, आणि राउटरचा सिग्नल मात्र किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणजे चॅनल ४ निवडला, तरी तुमचा सिग्नल १ वर आणि ६ वरही पसरतो. एकमेकांना न भिडणारे तीनच चॅनल हाताशी उरतात: १, ६ आणि ११.

इथेच बहुतेकांची फसगत होते. १, ६ आणि ११ भरलेले दिसले, की मधला रिकामा ३ किंवा ४ सोयीचा वाटतो. पण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे संदेश ओळखतात. दुसऱ्याचं प्रसारण चालू असेल तर थांबतात आणि हवा मोकळी झाली की आपलं पाठवतात. वेग वाटला जातो, पण काम शिस्तीत चालतं. अर्धवट भिडणाऱ्या चॅनलवरून येणारा सिग्नल राउटरला वाचताच येत नाही, तो त्याच्या लेखी नुसता गोंगाट असतो. तो गोंगाट बराच मोठा असल्याशिवाय राउटर थांबत नाही. दोघं एकाच वेळी पाठवतात, माहिती बिघडते, पुन्हा पाठवावी लागते. चौथ्या चॅनलवर बसलेला राउटर स्वतःचं नुकसान करतोच, शिवाय १ आणि ६ वरच्या शेजाऱ्यांचंही.

मग तिघांतला एक कसा निवडायचा? अँड्रॉइड फोनवर `WiFi Analyzer` सारखं एखादं अ‍ॅप घ्या आणि राउटरशेजारी उभं राहून यादी बघा. समजा, चॅनल १ वर ५ नेटवर्क आहेत आणि त्यांतलं सगळ्यात जोरदार −५० डीबीएमचं. चॅनल ६ वर ७, त्यांतलं एक भिंतीपलीकडचं, −४८ चं. आणि ११ वर तब्बल ९, पण त्यांतलं सगळ्यात जोरदारही −८० च्या पुढे येत नाही. संख्या बघणारा १ घेईल. घ्यायचा ११. या मोजणीत दर १० आकड्यांना ताकद दहापट बदलते, त्यामुळे −८० चा सिग्नल −५० च्या तुलनेत हजारपट क्षीण असतो. कोणता शेजारी रात्रभर सिनेमे बघतो, हे मात्र अ‍ॅप सांगत नाही. म्हणून एक चॅनल लावून रात्रीच्या वेळी पुन्हा `ping` करून बघावं, नाही जमलं तर दुसरा लावावा.

बदल करायला ब्राउझरमध्ये राउटरचा तोच पत्ता टाकून वायरलेसच्या पानावर जा. तिथे `Channel` समोर बहुधा `Auto` असतं. कित्येक राउटर चॅनल फक्त सुरू होताना शोधतात. वीज जाऊन आली की इमारतीतले सगळे एकदमच सुरू होतात आणि त्या क्षणी मिळालेल्या अर्धवट चित्रावर निर्णय घेतात. म्हणून आकडा स्वतः ठरवून दिलेला बरा. त्याच पानावर `Channel Width` असेल, तर ती 20 MHz करा. ४० वर ठेवलेला राउटर पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग अडवतो, आणि गर्दीत त्याचा फायदा सहसा मिळत नाही.

तिन्ही चॅनलांवर −५० च्या आसपासचे शेजारी असतील, तर चॅनल बदलून फारसं साधणार नाही. अशा वेळी टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. तिथे न भिडणारे चॅनल बरेच जास्त आहेत, आणि तो सिग्नल भिंतींत जास्त विरत असल्यामुळे शेजाऱ्याचा त्रासही कमी पोहोचतो. त्याच कारणाने तो दोन भिंतींपलीकडच्या खोलीत दुबळा पडतो. स्मार्ट प्लग, स्वस्त कॅमेरे, जुने प्रिंटर यांना बहुधा २.४ च चालतं. त्यांना तिथेच राहू द्यावं, त्यांना वेग लागतोच कुठे!