सराफ बाजार उघडण्याआधी

जळगावच्या सराफ बाजारातली दुकानं सकाळी उशिरा उघडतात. त्याआधी तासभर बाजारालगतच्या एका चहाच्या टपरीवर सोन्याची चर्चा सुरू होते. केळी आणि कापसाच्या या जिल्ह्यातल्या जळगाव शहराला ‘सुवर्णनगरी’ ही ओळख मिळाली, त्यामागे इथल्या सोन्याच्या शुद्धतेची ख्याती आहे. कापूस विकला की सोनं घ्यायचं आणि पेरणीला पैसा कमी पडला की मोडायचं, हा इथल्या कित्येक घरांचा रिवाज. गावाकडून पहिल्या एसटीनं आलेली माणसं दुकानं उघडेपर्यंत टपरीवरच थांबतात. त्यांना तिथं अप्पा भेटतात.

अप्पा एसटीतून निवृत्त झालेले वाहक. रोज अर्धा चहा घेऊन ते वर्तमानपत्रातला भाव वहीत उतरवतात. मग नऊ वाजता वायदे बाजार उघडला की मोबाइलवरचा आकडा त्याच्याशेजारी लिहितात. छापून आलेला भाव आदल्या दिवशीचा असतो. रात्रीतून परदेशातला दर किंवा डॉलर हलला असेल, तर दुकानातला फलक वेगळंच सांगतो. म्हणून दोन आकडे.

ही सवय एका जुन्या व्यवहारानं लावली. मुलाच्या फीसाठी त्यांनी पत्नीच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा सोनं किती कॅरेटचं धरलं आणि घट किती कापली, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. घरी येऊन हिशेब मांडला, पण तोपर्यंत पाटल्या गेल्या होत्या.

वहीतलं एक पान ते आवर्जून दाखवतात. २३ जुलै २०२४. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के झालं आणि तोळ्यामागे भाव हजारोंनी उतरला. तोळा म्हणजे बाजाराच्या आजच्या बोलीत दहा ग्रॅम. “परदेशात काही घडलं नव्हतं. आपल्या भावात सरकारचा वाटा किती असतो, ते त्या दिवशी दिसलं,” अप्पा सांगतात.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी कापूस विकून आलेलं जोडपं टपरीवर बसलं होतं. “अप्पा, आज सोनाना काय भाव शे?” नवऱ्यानं विचारलं. त्यांना लेकीसाठी एका तोळ्याची पोत घ्यायची होती.

“लेकीच्या अंगावर घालायला घेताय, की अडीनडीला मोडायला?”

“दोन्ही,” बाई म्हणाली. “घालील बी, अन् पावसाळ्यात लागलं तर मोडता बी येईल.”

अप्पांनी वहीचं मागचं पान उघडलं. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून शुद्ध, म्हणजे २४ कॅरेट सोन्याचा भाव तोळ्याला लाख रुपये धरला. पोत २२ कॅरेटची. चोवीस भागांतले बावीस भाग सोनं, म्हणून किंमत ९१,६६७ रुपये. मजुरी दहा टक्के धरली तर ९,१६७. दोन्हींच्या बेरजेवर तीन टक्के जीएसटी, ३,०२५. हातात पोत पडेल ती १,०३,८५९ रुपयांना.

“आता हीच पोत उद्या मोडली, तर?” अप्पांनी विचारलं आणि उत्तर स्वतःच लिहिलं. मजुरी आणि कर परत मिळत नाहीत. घट कापली नाही तरी ९१,६६७ रुपयेच हाती येतील. बारा हजारांवर रुपये गेले. ते भरून निघायला शुद्ध सोन्याचा भाव एक लाख तेरा हजारांच्या पुढे जायला हवा.

बाई बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे घालायचं वेगळं अन् ठेवायचं वेगळं.”

दुकान उघडल्यावर दोघांनी लेकीसाठी अर्ध्या तोळ्याची साधी पोत घेतली आणि उरलेल्या पैशांतून शक्य तेवढ्या वजनाचं नाणं. नाण्यावर मजुरी कमी पडते. पोतीवर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक आहे ना, हे बाईनं भिंगातून स्वतः पाहिलं. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिना किती शुद्धतेचा, ते कळतं.

जळगावच्या सराफ बाजारात खरेदीला जाणाऱ्यांनी दुकानांत त्या दिवसाचा भाव लागल्यानंतरच जावं. रविवारी परदेशातले बाजार बंद असतात, त्यामुळे फलकावर बहुधा शनिवारचाच भाव असतो. फलकावरचा आकडा जीएसटीसह आहे की त्याविना, मजुरी किती आणि मोडीला घट किती, हे तीन प्रश्न पैसे काढण्याआधी विचारावेत. तिन्हींची उत्तरं पावतीवर लिहून घ्यावीत. दागिना पुढं कधी मोडायची वेळ आली, तर हाती येणारी रक्कम याच उत्तरांवर ठरते.