काड्यापेटीत किती कमी करणार?

प्रत्येक किराणा दुकानाच्या वाट्याला एक तरी असं गिऱ्हाईक येतंच. यादी लांबलचक असते, माल बघून घेतलेला असतो, भाव ऐकून झालेले असतात आणि तरी प्रत्येक वस्तू काउंटरवर ठेवली की प्रश्न ठरलेला : “यात काय कमी?” साखरेत काय कमी, तेलात काय कमी, साबणात काय कमी. शेवटी काड्यापेटी निघते आणि तिच्यावरही तोच प्रश्न येतो.

“करतो की काकू,” दुकानदार म्हणतो, “पाच काड्या माझ्याकडे ठेवून घेतो आणि बाकीची पेटी तुम्हाला कमी भावात देतो.”

दुकानात उभी असलेली चार माणसं हसतात, काकूही हसतात आणि यादी पुढे सरकते. या उत्तरात टोमणा थोडा आहे, हिशेब जास्त आहे. सिवकाशीच्या कारखानदारांनी १ डिसेंबर २०२१ पासून एक रुपयाची काड्यापेटी दोन रुपयांची केली. त्याआधी चौदा वर्षं ती एक रुपयालाच मिळत होती. दोन रुपयांवर पाच टक्के सवलत म्हणजे दहा पैसे, आणि ते परत द्यायला नाणंच नाही. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण ते घेणारा दुकानदार आणि देणारं गिऱ्हाईक दोन्ही शोधावे लागतात. फोनवरून एक रुपया नव्वद पैसे पाठवता येतात हे खरं, पण ही युक्ती दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

मराठी दुकानदाराच्या तिरकस उत्तरांची आपल्याकडे मोठी कीर्ती आहे. पुणेरी पाट्यांचे तर संग्रह होतात, आणि ‘घासाघीस करू नये’, ‘आज रोख उद्या उधार’ या पाट्या पुण्याबाहेरही भिंतीवर दिसतात. पण पाटी सगळ्यांना एकच उत्तर देते. समोरच्या माणसाची यादी पाहून दिलेलं उत्तर वेगळं असतं. त्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं, फक्त सवलतीला नाही म्हणायचं असतं. ज्याला हे जमतं त्याचं दुकान चालतं. अपमान करून हशा मिळवणाऱ्या दुकानदारांचं कौतुक आपण जरा जास्तच केलं आहे.

प्रत्येक वस्तूवर सवलत का देता येत नाही, हे एका यादीवरूनच बघू. भाव रोज हलतात, गावागणिक बदलतात, त्यामुळे खालचे आकडे समजण्यापुरते घ्यायचे.

साखर पाच किलो. दुकानदाराला पोत्यातून ती ४२ रुपयांनी पडली आणि तो ४४ रुपयांनी विकतो. म्हणजे किलोमागे दोन रुपये. काकूंनी पाच टक्के मागितले तर किलोमागे दोन रुपये वीस पैसे सोडावे लागतात. मिळकत दोन रुपये आणि सूट सव्वादोनच्या आसपास! इथं दुकानदाराचं उत्तर तयार असतं : “काकू, मग साखर तुम्ही न्या, वर किलोला वीस पैसेही मीच देतो. तेवढा गोड माणूस आहे मी.” शिवाय पन्नास किलोचं पोतं सुटं विकताना शेवटी पन्नास किलो भरतच नाही. मापताना दाणे सांडतात, प्रत्येक पुडीत वजन थोडं झुकतं द्यावं लागतं, ओलावा कमीजास्त होतो. याला दुकानदार ‘घट’ म्हणतात, आणि ती त्याच दोन रुपयांतून जाते.

तेलाची गतही तीच. एक लिटरची पिशवी दीडशेला घेऊन १५५ ला विकली, तर पाच टक्के म्हणजे पावणेआठ रुपये. पाच रुपये कमावण्यासाठी पावणेआठ रुपये सोडायचे. आता उरलेली यादी धरू. तूरडाळ दोन किलो, साबणाच्या पाच वड्या, अर्धा किलो चहा, आणि धणे-जिरे-मिरच्यांचा सुटा मसाला. साखरेचे २२०, दोन लिटर तेलाचे ३१०, डाळीचे २८०, साबणाचे २००, चहाचे २५० आणि मसाल्याचे १४० असे एकूण १४०० रुपये झाले. यात दुकानदाराचे सुटतात साखरेत १०, तेलात १०, डाळीत २०, साबणात २०, चहात २० आणि मसाल्यात ४०. एकूण १२० रुपये.

चौदाशेवर सरसकट पाच टक्के म्हणजे ७० रुपये. काकूंना सत्तर रुपये म्हणजे फार काही नाही वाटत. दुकानदाराच्या एकशेवीसमधले मात्र पन्नासच उरतात, आणि दुकानाचं भाडं, फ्रीजचं वीजबिल, हाताखालच्या पोराचा पगार, उंदरांनी कुरतडलेल्या पुड्या हे सगळं त्या पन्नासातून. पूर्वी एका यादीत जे मिळत होतं ते मिळवायला आता जवळजवळ अडीच याद्या विकाव्या लागतील. सवलत पाच टक्क्यांची दिसते, पण ती विक्रीवर मोजलेली असते. दुकानदार ती नफ्यावर मोजतो आणि तिथं ती साठ टक्क्यांच्या जवळ जाते.

याच यादीत नीट पाहिलं तर कुठं मागायचं हेही कळतं. पाकीटबंद मालावर छापील किंमत असते, त्यातला दुकानदाराचा हिस्सा कंपनीनं आधीच ठरवलेला असतो. सुट्या मसाल्यात, सुक्या मेव्यात, काही डाळींत भाव दुकानदार स्वतः ठरवतो, म्हणून तिथं हात सैल करायला जागा असते. चाळीस रुपयांतले दहा सोडले तरी त्याचं बिघडत नाही. जुन्या बायका म्हणूनच साखरेवर वाद घालत नसत. सगळा माल घेऊन झाला की शेवटी एकदाच म्हणायच्या, “वरचे सुटे सोडा,” आणि दुकानदार सोडायचा.

पण मोठ्या दुकानात मिळतं ते? काकूंचं हे सगळ्यात धारदार अस्त्र. “तिकडे छापील किमतीपेक्षा कमी लावतात, मग तुम्हालाच काय झालं?” यावर एक उत्तर महाराष्ट्रात अनेक छोट्या दुकानदारांच्या तोंडी आहे : “मलाही माहीत आहे काकू, मीसुद्धा काही माल तिथूनच आणतो.” हा विनोद वाटतो, पण स्कीम लागली की छोटे दुकानदार खरोखरच मोठ्या दुकानातून पोती-खोकी भरून आणतात, कारण तिथला विक्रीभाव त्यांच्या वितरकाच्या भावापेक्षा कमी पडतो. मोठी साखळी कंपनीकडून थेट आणि ट्रकभर माल घेते. गल्लीतल्या दुकानाला तोच माल वितरकाच्या हातून येतो आणि मधल्या माणसाचा वाटा त्यात बसतो.

या तफावतीवर मोठं भांडणही झालेलं आहे. २०२१ च्या अखेरीस ग्राहकोपयोगी मालाच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघानं कंपन्यांना पत्र लिहून तक्रार केली, की पारंपरिक वितरक दुकानदाराला ८ ते १२ टक्के देऊ शकतात, तर मोठ्या भांडवलाच्या घाऊक आणि ऑनलाइन कंपन्या १५ ते २० टक्के देतात. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवून असहकारही केला. काकूंच्या एका प्रश्नामागं एवढं रामायण आहे. ते काउंटरवर सांगत बसलं तर मागची रांग निघून जाईल, म्हणून दुकानदार एका वाक्यात आटोपतो.

सगळ्यात जोरकस उत्तर मात्र वहीत असतं. काकूंचं दुकानात खातं आहे. मालाचे पैसे पुढच्या महिन्याच्या पगाराला येतात. त्यांनी दहाव्या वस्तूवर दहाव्यांदा “काय कमी?” विचारलं, की दुकानदार गल्ल्यामागची लाल वही काढतो, त्यांचं पान उघडतो आणि सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणतो, “सवलत गेल्या महिन्यापासून चालूच आहे की. ही बघा.” चौदाशे रुपये महिनाभर उधार ठेवायचे आणि व्याज घ्यायचं नाही. महिना दीड टक्का धरला तर तेच एकवीस रुपये झाले. वितरकाला मात्र पैसे त्याला आठवड्या-पंधरा दिवसांत द्यावेच लागतात. मोठ्या दुकानात सवलत आहे, पण तिथल्या काउंटरवर “लिहून ठेवा” म्हणून बघावं!

इथं आवाज बारीक ठेवणं महत्त्वाचं. उधारीची गोष्ट चारचौघांत मोठ्यानं बोलली की तो विनोद राहत नाही, आणि गिऱ्हाईक थकबाकीसकट दुसऱ्या दुकानात जातं. अनुभवी दुकानदार साखर-काड्यापेटीची उत्तरं सगळ्यांदेखत देतो, वहीचं उत्तर एकट्याला. वेळही बघतो. सकाळी बोहनीच्या वेळी कुणी भाव पाडून मागितला तर तो चेष्टा करत नाही, दोन रुपये सोडून मोकळा होतो, कारण पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ नये ही श्रद्धा पाच टक्क्यांपेक्षा जुनी आहे.

गिऱ्हाइकाची बाजू दुबळी आहे असं मुळीच नाही. छापील किंमत ही कमाल किंमत असते, सगळे कर त्यातच असतात. त्यापेक्षा कमी भावात विकायला दुकानदार मोकळा आहे आणि कमी मागायला गिऱ्हाईकही. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत कंपन्या किंमत तीच ठेवून वजन घटवतात, तेव्हा “यात काय कमी?” या प्रश्नाचं खरं उत्तर ‘ग्रॅम’ असं असतं. म्हणून पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव वाचायची सवय केली, तर दोन कंपन्यांतलं स्वस्त-महाग काउंटरवर न भांडता कळतं आणि त्यातून होणारी बचत पाच टक्क्यांहून मोठी निघू शकते.

आणि काही ठिकाणी हसून सोडून देऊ नये. दुधाच्या पिशवीवर किंवा थंड बाटलीवर ‘कूलिंग चार्ज’ म्हणून छापील किमतीच्या वर रुपया-दोन रुपये लावणारे दुकानदार आहेत. आम्ही फ्रीज चालवतो, वीज फुकट येते का, असं उत्तर ते हसत हसत देतात. तो विनोद कितीही चांगला जमला तरी पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. अशा वेळी बिल मागावं, आणि पैसे परत मिळाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.