चिंचपाड्याचा ‘चिं’ कोशात कुठे सापडतो?

नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. या भागातल्या पुष्कळ मुलांच्या घरात मावची बोलतात, पुस्तकातली मराठी ती शाळेत येऊन शिकतात. पाठात अडलेला शब्द घरी विचारावा तर तिथेही तो कुणी वापरत नाही. अशा मुलाला तिसरीतच शब्दकोश उघडता आला, तर अडलेल्या शब्दासाठी त्याला दर वेळी गुरुजींकडे किंवा बाईंकडे यावं लागणार नाही.

पहिली अडचण क्रमाची असते. मुलाला ‘क ख ग घ’ घडाघडा येतं, बाराखडीही येते. कोशात मात्र या दोन्ही एकात एक गुंफलेल्या असतात, आणि ते त्याला कुणी दाखवलेलं नसतं. फळ्यावर चटई, चाक, चिकू, चिंच, चूल, चोच हे शब्द उलटसुलट लिहा आणि कोशाप्रमाणे लावायला सांगा. बरीच मुलं ‘चाक’ आधी लावतात आणि ‘चटई’ नंतर, कारण ‘क’ हा ‘ट’च्या आधी येतो. पहिल्या अक्षराची मात्रा सोडून ती थेट दुसऱ्या अक्षराकडे गेलेली असतात. नियम असा, की आधी पहिलं अक्षर पाहायचं, मग त्याची मात्रा, आणि दोन्ही सारखी निघाली तरच दुसऱ्या अक्षराकडे वळायचं. ‘च’ला काना नाही, म्हणून चटई आधी आणि चाक नंतर. ही चूक एकदा ओळखता आली, की पाटीवर एका नजरेत दिसते.

आता ‘चिकू’ आणि ‘चिंच’ घ्या. दोन्हींत ‘चि’ आहे, पण एकावर अनुस्वार आहे. बऱ्याच कोशांत अनुस्वाराचे शब्द त्या अक्षराच्या सुरुवातीला येतात, म्हणजे ‘चिंच’ आधी आणि ‘चिकू’ नंतर. पण सगळ्याच कोशांत तसं नसतं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचंही तेच. काही कोशांत ते ‘ळ’नंतर अगदी शेवटी असतात, काहींत ‘क’ आणि ‘ज’खाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शंभर वर्षांनी आला. मराठी कोशांना मोठी परंपरा आहे, पण मांडणीच्या सवयी एकसारख्या नाहीत. म्हणून शिक्षकांनी तासाआधी हातातला कोश उघडून ‘चिंच’, ‘क्षमा’ आणि ‘ज्ञान’ हे तीन शब्द स्वतः शोधून ठेवावेत. वर्गात नियम सांगायचा तो त्याच कोशाचा.

पानाच्या माथ्यावर बहुधा त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द छापलेला असतो. मुलांना आधी तेवढंच वाचू द्यावं. ‘आपला शब्द या दोघांच्या मध्ये बसतो का?’ एवढाच प्रश्न विचारावा. नाही बसत, तर पुढे जायचं की मागे, हेही त्यांनाच ठरवू द्यावं. सबंध पान वरून खाली वाचत बसणारं मूल दमतं आणि कोश मिटून टाकतं.

खरी परीक्षा मात्र यापुढे आहे. पाठात वाक्य येतं, ‘ससा विहिरीत डोकावला’. मूल ‘विहिरीत’ शोधतं, तर तो शब्द कोशात नाही. ‘त’ काढला तरी ‘विहिरी’ही नाही. कोशात ‘विहीर’ आहे. प्रत्यय लागताना ‘ही’चा ‘हि’ झाला होता. ‘डोकावला’चंही तसंच, तिथे ‘डोकावणे’ शोधावं लागतं. म्हणून कोश हातात देण्याआधी काही दिवस नुसतं तोंडी काम करावं: ‘झाडावर’मधून झाड, ‘कुत्र्याला’मधून कुत्रा, ‘पळाली’मधून पळणे. ‘गेला’चं ‘जाणे’ आणि ‘आला’चं ‘येणे’ या रीतीत बसत नाहीत, ते वेगळे पाठच करून घ्यावेत. माझ्या मते तिसरीच्या तासातला सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. ‘शब्द कोशात नाहीच’ असं मूल सांगतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याने मूळ रूप शोधलेलं नसतं.

शब्द सापडला, की अर्थ निवडायचा. ‘पान’ काढलं तर झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं आणि जेवणाचं अशी पानं एकाखाली एक येतात. मुलं पहिलाच अर्थ उतरवून घेतात. उपाय सोपा आहे: निवडलेला अर्थ मूळ वाक्यात त्या शब्दाच्या जागी ठेवून मोठ्याने वाचायचा. ‘आईने पान वाढलं’ इथे झाडाचं पान घातलं, की वर्ग हसतो आणि मूल स्वतःच खाली सरकतं.

कधी अर्थच शब्दापेक्षा अवघड निघतो. ‘विहीर’समोर ‘कूप’ आलं, तर तिसरीतल्या मुलाच्या हाती काय लागलं? तेव्हा वहीत तीन रकाने करावेत: शब्द, कोशातला अर्थ, आणि घरी त्याला काय म्हणतात ते. तिसरा रकाना शिक्षकांना भरता येणार नाही, तो मुलांनीच भरायचा. आणि अर्थ समजला की नुसता उतरवला, हे तिथेच कळतं. मावची शब्द देवनागरीत लिहिताना मुलांचं एकमेकांशी जुळत नाही. तिथे शुद्धलेखनाचं लाल शाईचं पेन लावू नये.

यंदा दिवाळीला अशा एखाद्या शाळेला काही द्यायचं मनात असेल, तर सहा वेगवेगळे कोश देऊ नका. मोठ्या टाइपातल्या एकाच लहान कोशाच्या सहा प्रती द्या, म्हणजे ‘चिंच’ सगळ्यांना एकाच पानावर सापडेल.