थेरपीसाठी रजा मागताना

केंद्र सरकारी नोकरीतील आईला पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. पण ती एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते, तर मुलाची स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, पाऊण तासाची असते. खासगी नोकरीत तेही नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातील आठ किरकोळ रजा अर्ध्या-अर्ध्या दिवसाने वापरल्या, तरी दोन महिन्यांत संपतात.

म्हणून अर्जात रजेपेक्षा वेळेची सवलत मागावी, असे माझे ठाम मत आहे. पुण्यातल्या एखाद्या लेखापाल आईचा अर्ज असा असेल: ‘माझ्या मुलाची थेरपी दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहा वाजता असते. या दोन दिवशी मी साडेनऊऐवजी साडेअकराला येईन आणि ते चार तास इतर दिवशी भरून काढीन. महिनाअखेरच्या हिशेबाच्या आठवड्यात सत्राची वेळ बदलून घेईन. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी मंजूर करावी.’

मूल्यमापन मात्र वेगळे लिहावे. त्याला बहुधा पूर्ण दिवस जातो आणि तारीख आधी कळते. त्या दिवसाची रजाच मागावी. सोबत थेरपिस्टचे वार, वेळ आणि कालावधी सांगणारे पत्र पुरते. मुलाचा संपूर्ण अहवाल जोडू नका. ती त्याची खासगी बाब आहे. तोंडी होकारावर थांबू नका. वरिष्ठ बदलले की तो हवेत विरतो. मंजुरी ईमेलवर घ्याच.