ईसीजी वाचताना क्रम का मोडू नये

ईसीजीचा कागद हातात पडला की नजर दोन ठिकाणी पळते. एक तर यंत्राने कोपऱ्यात छापलेल्या वाक्याकडे, नाहीतर आलेखात सगळ्यांत वेडावाकडा दिसणाऱ्या भागाकडे. दोन्ही सवयी घात करतात. रुग्णाचा हात थरथरत असला तरी यंत्र ‘अनियमित ठोके’ असं छापून मोकळं होऊ शकतं. आणि डोळ्यांत भरणारी एक खूण सापडली, की तिच्याशेजारची बारीक खूण बघायची राहून जाते. म्हणून ईसीजी शिकवताना क्रम घालून दिलेला असतो: गती, लय, अक्ष, अंतरं आणि शेवटी लाटा. कागद कितीही साधा वाटो, क्रम हाच.

हा क्रम एका कागदावर चालवून पाहू. शिकवण्यासाठी बेतलेला हा नमुना आहे, पण असे रुग्ण नेहमी भेटतात. पंचावन्न वर्षांचे मधुमेही गृहस्थ. दोन तासांपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ, एकदा उलटी, अंगाला दरदरून घाम. फराळ बाधला असेल म्हणून घरच्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली. उतार पडेना, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला.

आधी कागद तपासा

ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा एक लहान चौकोन १ मिलिमीटरचा, म्हणजे आडव्या दिशेने ०.०४ सेकंदाचा. असे पाच मिळून एक मोठा चौकोन, म्हणजे ०.२० सेकंद. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट. पट्टीच्या कडेला दोन मोठे चौकोन उंचीची आयताकृती खूण असते, ती याच मापाची साक्ष देते. ती निम्म्याच उंचीची दिसली, तर सगळ्या लाटाही निम्म्याच छापल्या गेल्या आहेत हे ओळखावं.

शरीरावर दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावतात आणि त्यांतून बारा लीड मिळतात. लीड म्हणजे हृदयातल्या विजेकडे पाहण्याची एकेक दिशा. लीड १ आणि एव्हीएल डावीकडून पाहतात, लीड २, लीड ३ आणि एव्हीएफ खालून, म्हणजे पायांच्या बाजूने, आणि व्ही१ ते व्ही६ छातीवरून. घाईत दोन्ही हातांच्या वायरी उलटसुलट लागल्या, तर लीड १ मधल्या सगळ्या लाटा उलट्या उमटतात आणि एरवी उलटा असणारा एव्हीआर सुलटा होतो. असं दिसलं तर निदानाच्या मागे न लागता वायरी बदलून कागद पुन्हा काढायचा. आपल्या नमुन्यात लीड १ सुलट आहे, कडेची खूण पूर्ण उंचीची आहे. पुढे जायला हरकत नाही.

गती

कागदावर उंच, टोकदार उठाव दिसतो तो क्यूआरएस. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याआधी त्यांच्यात पसरणारी वीज. त्यातलं वरचं टोक म्हणजे आर. लागोपाठच्या दोन आर टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. तीन चौकोन असतील तर मिनिटाला १००, पाच असतील तर ६०. ठोके अनियमित असतील तेव्हा हा हिशेब फसतो. मग १० सेकंदांच्या पट्टीवरचे सगळे ठोके मोजून सहाने गुणायचं.

आपल्या कागदावर दोन टोकांत सहा मोठे चौकोन आहेत. म्हणजे गती ५०. विश्रांतीत ६० ते १०० ही नेहमीची मर्यादा. रोज पळणाऱ्या तरुणाची गती ५० असेल तर त्यात नवल नाही. पण वेदनेने घामाघूम झालेल्या माणसाचे ठोके वाढायला हवेत. इथे ते मंदावलेत. ही पहिली नोंद.

लय

लय पाहताना दोन प्रश्न विचारायचे. ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का? आणि प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी लाट आहे का? पी म्हणजे वरच्या कप्प्यांतली वीज. ती हृदयाच्या नैसर्गिक स्फुरणकेंद्रातून, सायनस नोडमधून, निघाली असेल तर लीड २ मध्ये सुलट दिसते. एका कागदाच्या कडेवर दोन आर टोकांच्या खुणा करून तो कागद पुढे सरकवत नेला, की अंतर सारखं आहे की नाही ते लगेच कळतं. पी लाटा दिसतच नाहीत आणि अंतरही बेभरवशाचं आहे, अशी जोडी आढळली तर एट्रियल फिब्रिलेशनचा विचार येतो.

इथे अंतर सारखं आहे. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक सुलट पी आहे. सायनस लयच आहे, फक्त मंद.

अक्ष

अक्ष म्हणजे खालच्या कप्प्यांतल्या विजेचा एकूण रोख. नवशिक्याला अंश मोजत बसण्याची गरज नाही, लीड १ आणि एव्हीएफ एवढ्या दोघांकडे पाहिलं तरी काम भागतं. दोन्हींत क्यूआरएस मुख्यतः वर असेल तर अक्ष ठीक. लीड १ मध्ये वर आणि एव्हीएफमध्ये खाली असेल तर लीड २ पाहायचा: तिथे वर असेल तर अजून मर्यादेत, खाली असेल तर अक्ष डावीकडे झुकलेला. लीड १ मध्ये खाली आणि एव्हीएफमध्ये वर, म्हणजे उजवीकडे झुकलेला.

आपल्या रुग्णाचा दोन्हींत वर आहे. अक्ष ठीक, पुढे चला.

अंतरं

इथे तीन मापं घ्यायची. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर. वरून आलेली वीज एव्ही नोडमध्ये थोडी थबकते आणि मग खाली उतरते, हा वेळ त्यात येतो. तीन ते पाच लहान चौकोन, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंद, हे नेहमीचं. क्यूआरएसची रुंदी तीन लहान चौकोनांपेक्षा कमी हवी. जास्त असेल तर वीज खालच्या कप्प्यांत आडवाटेने पसरते आहे. क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. ते गतीप्रमाणे बदलतं, म्हणून दोन आर टोकांमधल्या सेकंदांचं वर्गमूळ काढून त्याने भागतात. हा भागाकार पुरुषांत साधारण ०.४५ आणि स्त्रियांत ०.४६ च्या आत असावा.

नमुन्यात क्यूआरएस दोन लहान चौकोन रुंद आहे, ठीक. क्यूटी साडेदहा लहान चौकोन, म्हणजे ०.४२ सेकंद. दोन टोकांमधलं अंतर १.२ सेकंद, त्याचं वर्गमूळ सुमारे १.१, भागाकार ०.३८. हेही ठीक. पण पीआर सहा लहान चौकोनांचा, म्हणजे ०.२४ सेकंद आहे. वीज एव्ही नोडमध्ये रेंगाळते आहे. ही दुसरी नोंद. सहा चौकोन आणि पाच चौकोन यांतला हा फरक १ मिलिमीटरचा आहे; मोजल्याशिवाय तो दिसत नाही.

लाटा

आता कुठे लाटांच्या आकाराकडे यायचं. पी, मग क्यू, मग आर आणि एस, मग एसटी, शेवटी टी. पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी दिलेली. ईसीजीच्या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं.

आपल्या कागदावर पी अडीच मिलिमीटरच्या आत आहे. रुंद, खोल क्यू कुठेच नाही. हृदयाचा स्नायू मेला की अशी क्यू उमटू लागते. ती अजून नाही, म्हणजे वाचवण्यासारखा स्नायू शिल्लक असण्याची आशा आहे. छातीच्या लीडमध्ये व्ही१ कडून पुढे जाताना आर उंच होत जातो, तसाच इथेही होतो.

मग येतो एसटी, क्यूआरएस संपल्यापासून टी सुरू होईपर्यंतचा तुकडा. एरवी तो मूळ रेषेवर टेकलेला असतो. इथे लीड २ मध्ये तो दीड मिलिमीटर, एव्हीएफमध्ये दोन आणि लीड ३ मध्ये अडीच मिलिमीटर उचललेला आहे. हे तिन्ही लीड हृदयाची खालची भिंत पाहतात. एकाच भिंतीच्या निदान दोन लीडमध्ये अशी उचल असेल तर तिला वजन येतं. समोरच्या बाजूला, लीड १ मध्ये, एसटी १ मिलिमीटर आणि एव्हीएलमध्ये जवळजवळ दोन मिलिमीटर खाली गेला आहे. एका बाजूला उचल आणि समोर उतार, असं चित्र दिसलं की हृदयविकाराच्या झटक्याबद्दल फारशी शंका उरत नाही.

मोजमाप बरोबर आहे का, हेही पडताळता येतं. आइंटहोव्हेन यांच्या नियमानुसार लीड १ आणि लीड ३ ची बेरीज लीड २ इतकी यायला हवी. उणे १ आणि अडीच मिळून दीड. जुळलं.

नोंदी एकत्र ठेवल्यावर

एसटीवर नजर आधी गेली असती, तर निदान तेच झालं असतं: खालच्या भिंतीचा झटका. पण पहिल्या दोन नोंदी हातून सुटल्या असत्या, आणि उपचाराला त्यांचीच गरज आहे. एव्ही नोडला रक्त पुरवणारी शाखा दहांतल्या आठ-नऊ जणांत उजव्या कोरोनरी धमनीतून निघते. मंद गती, लांबलेला पीआर, लीड २ पेक्षा लीड ३ मधली जास्त उचल आणि एव्हीएलमधला उतार या सगळ्यांचा रोख त्याच धमनीकडे आहे. पीआर आणखी लांबत जाऊन मधले ठोके गळू शकतात, म्हणून रुग्णाला मॉनिटरवरून हलवायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. हीच धमनी हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यालाही रक्त देते, आणि नेहमीचे बारा लीड त्या कप्प्याकडे नीट पाहत नाहीत. म्हणून व्ही४ चा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला, त्याच उंचीवर लावून आणखी एक नोंद घेतात. तिथेही एसटी उचललेला असेल, तर उजवा कप्पा झटक्यात सापडला आहे. अशा वेळी अनेक घरांत खिशात बाळगलेली सॉर्बिट्रेटची जिभेखालची गोळी रक्तदाब एकदम पाडू शकते. गती आधीच मंद आहे आणि खालची भिंत अडचणीत आहे, हे कागदावर दिसल्यावर डॉक्टर ती गोळी देताना हात आखडता घेतात, आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन लावतात.

कागद कुठे थांबतो

ईसीजी दहा सेकंदांची गोष्ट सांगतो. झटक्याच्या सुरुवातीला तो निखालस सामान्यही येऊ शकतो. म्हणून छातीत किंवा पोटाच्या वर दुखणं, घाम, दम ही लक्षणं चालू असतील तर पंधरा ते तीस मिनिटांनी कागद पुन्हा काढतात आणि पहिल्याशेजारी ठेवून पाहतात. उलट, काही निरोगी तरुणांत एसटी एरवीही थोडा उचललेला असतो. तिथे जुना ईसीजी सापडला तर वाद मिटतो.

त्यासाठी घरातल्या मोठ्यांचा बरं असतानाचा एक ईसीजी जपून ठेवावा. हा कागद उष्णतेवर छापला जातो आणि काही वर्षांत फिका पडतो. म्हणून मोबाइलवर त्याचा पूर्ण, सरळ फोटो घ्यावा, चौकोन आणि कडेची खूण दिसेल असा. सोबत तारीख आणि त्या वेळी दुखत होतं की नव्हतं, हेही लिहून ठेवावं. पुढे कधी रात्री-अपरात्री नवा कागद निघाला, तर डॉक्टर आधी हेच विचारतील: जुना आहे का?