फोटोखालच्या चार ओळी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तेव्हा नोकरीला निघालेला पालक त्याखालच्या मजकुरावरून भरभर नजर फिरवतो. काय पाहायला मिळेल, केव्हा जायचे आणि आत कुठून शिरायचे, एवढेच त्याला हवे असते. ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ या ओळीतून यातले काहीच कळत नाही.

सर्वांत जास्त चुका प्रयोगांच्या वर्णनात होतात. ‘लिंबापासून वीज’ असे लिहिले की एका लिंबावर दिवा लागतो असा समज होतो. खरे तर तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खुपसलेल्या एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला मात्र दोनेक व्होल्ट लागतात. म्हणून मुले तीन-चार लिंबे तारेने एकापुढे एक जोडतात, आणि तरीही दिवा मंदच पेटतो. ‘चार लिंबांवर पेटणारा छोटा दिवा’ असे लिहिले तर ते खरेही ठरते आणि पाहावेसेही वाटते. वाळू, खडी व कोळशाच्या गाळणीचेही तसेच. तिच्यातून गढूळ पाणी निवळते, पण जंतू राहू शकतात. तिला ‘शुद्ध पाण्याचे यंत्र’ म्हटले, तर एखादे लहान मूल ते पाणी पिऊन बसेल.

दोनच प्रयोगांची नावे दिली की बाकीच्या मुलांचे पालक हिरमुसतात. त्यावर साधा उपाय म्हणजे एकूण प्रयोगांची संख्या आणि कोणती इयत्ता कुठे बसली आहे ते लिहिणे.

वेळ लिहिताना ‘१० ते १’ एवढ्यावर थांबू नये. शेवटचा प्रवेश केव्हा, हेही सांगावे. नाहीतर पावणेएकला पोचलेल्या आजी-आजोबांना मुले मांडणी आवरताना दिसतात. फाटकाचा क्रमांक बहुधा शिक्षकांनाच ठाऊक असतो. पालकांना मैदान, पाण्याची टाकी, समोरचे दुकान अशा खुणा कळतात. शाळा सुटताना मुख्य फाटकाशी रिक्षा आणि व्हॅन दाटतात, म्हणून पालकांना दुसरीकडून आत घेणे सोयीचे. मग मुख्य फाटक बंद राहील हेही स्पष्ट लिहावे लागते.

हे सगळे धरून राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाचा मजकूर असा होईल:

‘चार लिंबांवर पेटणारा छोटा दिवा आणि गढूळ पाणी निवळवणारी गाळणी. पाचवी ते नववीच्या मुलांचे ३२ प्रयोग. पाचवी-सहावी तळमजल्यावर, सातवी ते नववी पहिल्या मजल्यावर. शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६, सकाळी १० ते दुपारी १. शेवटचा प्रवेश १२.३०. पालकांनी मैदानाकडच्या, पाण्याच्या टाकीशेजारच्या फाटकाने यावे. मुख्य फाटक बंद राहील. सोबत मुलाचे ओळखपत्र किंवा त्याचा फोटो आणावा.’

पाठवण्याआधी हा मजकूर शाळेत कधी न आलेल्या एखाद्याला वाचायला द्यावा आणि ‘कुठून याल?’ एवढेच विचारावे. तो अडखळला, तर फाटकाची ओळ पुन्हा लिहावी.