130 पाउंडांचा हिशेब

बार्शीतून लातूर, सोलापूर किंवा कुर्डुवाडीकडे निघाले की रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानांत एक यंत्र हमखास दिसते. खाली आडवी टाकी, वर मोटर, पट्ट्यावर फिरणारे मोठे चाक आणि उभ्या पट्ट्यापट्ट्यांचे सिलिंडर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून दुचाकीपर्यंत सगळ्यांना हवा पुरवणारा हा कॉम्प्रेसर वीज खातो आणि तिचे हवेच्या दाबात रूपांतर करून साठवतो. मात्र खाल्लेल्या विजेपैकी किती परत मिळते, याचा हिशेब मालकही सहसा मांडत नाही.

200 लिटरची टाकी घेऊ. गेजवर 130 पाउंड, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून सुमारे 10 बार. या टाकीतून तत्त्वतः मिळू शकणारी जास्तीत जास्त ऊर्जा सुमारे 280 किलोज्यूल, म्हणजे एका युनिटचा तेरावा हिस्सा. जळताना एवढी उष्णता द्यायला नऊ मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरते. टाकी अवाढव्य दिसते, पण तिच्यातला साठा दोन चमचे पेट्रोलाएवढाही नाही.

तो भरायला किती वीज लागेल, हे हवा किती तापते यावर ठरते. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा पिस्टनला जास्त जोराने विरोध करते. दाबताना निघालेली उष्णता त्याच क्षणी बाहेर काढता आली, हवेचे तापमान वाढूच दिले नाही, तर ते आयसोथर्मल संपीडन. उष्णतेला बाहेर पडायला वावच दिला नाही, तर ते अ‍ॅडियाबॅटिक. बाहेरची एक घनमीटर हवा 10 बारपर्यंत न्यायला पहिल्या प्रकारात 230 किलोज्यूल लागतात, दुसऱ्यात एका टप्प्यात 326. तीस अंशांची हवा दुसऱ्या प्रकारात तीनशे अंशांच्या वर जाते.

खरे यंत्र या दोन टोकांच्या मध्ये चालते. सिलिंडरवरच्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकतात, पण पिस्टनचा वेग एवढा असतो की प्रत्येक फटक्यात त्यांना फारसा वेळ मिळत नाही. म्हणून चांगल्या यंत्रांना दोन सिलिंडर असतात, एक मोठा आणि एक लहान. मोठ्यात हवा सुमारे सव्वातीन बारपर्यंत दाबायची, मधल्या नळीत थंड करायची आणि मग लहान सिलिंडरात पुढे न्यायची. ही युक्ती काम 326 वरून सुमारे 273 किलोज्यूलवर आणते आणि हवा दीडशे अंशांपुढे जाऊ देत नाही. त्या नळीवर धूळ आणि तेलाचा थर साचला की वीज जास्त जाते आणि हेड जास्त तापते.

उष्णतेचे नुकसान गेजवर दिसते. मोटर बंद झाल्यावर टाकीतली हवा साठ अंशांवरून तीसवर आली, तर काटा 130 वरून जवळपास 117 पाउंडांवर येतो. पुष्कळजण याला गळती समजून नटबोल्ट आवळत बसतात. फरक ओळखणे सोपे आहे: थंडाव्यामुळे होणारी घसरण टाकी निवली की थांबते, गळतीमुळे होणारी चालूच राहते.

दुसरे मोठे नुकसान हवा वापरताना होते. टाकीत गार झालेली हवा अ‍ॅडियाबॅटिक पद्धतीने पुरती फुलवली, तर घनमीटरमागे 169 किलोज्यूल मिळतील आणि हवा उणे शंभर अंशांच्याही खाली जाईल. पण नट सोडणारी गन हवा एवढी फुलू देत नाही. दाबाखालचीच हवा पंखांना ढकलते आणि अजून बरीच ऊर्जा अंगात असतानाच बाहेर पडते. हवा अजिबात न फुलवता नुसती ढकलायला वापरली तर सुमारे 90 किलोज्यूलच हाती लागतात, म्हणजे 326 पैकी पाव हिश्शाहून थोडे अधिक. मोटर, पट्टा, गळती आणि नळ्यांमधली दाबाची घट वजा केली की हा आकडा आणखी खाली येतो.

मोठ्या प्रमाणावरही हीच अडचण आहे. जर्मनीत हुंटोर्फ येथे 1978 पासून मिठाच्या पोकळ्यांत हवा साठवून वीज बनवली जाते. दाबताना निघालेली उष्णता तिथे फेकली जाते, म्हणून हवा फुलवण्याआधी नैसर्गिक वायू जाळून ती तापवावी लागते. टाटा मोटर्सने 2007 मध्ये फ्रान्सच्या एमडीआय कंपनीशी हवेवर चालणाऱ्या गाडीसाठी करार केला, तेव्हा वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. पण तीनशे बारची, तीनशे लिटरची टाकी भरली तरी तत्त्वतः सुमारे बारा युनिटच साठतात, आणि हवा फुलताना गारठते ते वेगळेच.

टायरच्या दुकानात मात्र हा तोटा परवडतो, कारण गन हलकी असते, ओल्या हातांत चालते आणि अडकून बसली तरी जळत नाही. विजेचे बिल कमी करायचे असेल तर मधली नळी पुसावी, ड्रेन कॉकमधून रोज पाणी सोडावे, आणि रात्री टाकी निवल्यावरचा आकडा लिहून सकाळच्या आकड्याशी ताडून पाहावा. जी घट दिसेल, ती मुख्यतः गळतीची.